शून्य आणि पर्यायी परिकल्पना: प्रश्न वाचून त्या बरोबर कशा मांडायच्या

परिकल्पना-चाचणीच्या गणितात आकडेमोड सहसा चुकत नाही. सूत्र पाठ असतं, तक्ता हाताशी असतो, कॅल्क्युलेटर असतो. चूक होते ती पहिल्या दोन ओळींत, म्हणजे H₀ आणि H₁ लिहिताना. तिथे चिन्ह उलटं पडलं, की पुढची बिनचूक आकडेमोडही चुकीच्या निष्कर्षावर जाऊन पोचते. म्हणून या लेखात चाचणीच्या बाकीच्या पायऱ्यांना मी जवळजवळ हात लावणार नाही. फक्त या दोन ओळी घेऊ, आणि एकतर्फी व दुतर्फी प्रश्नांत त्या कशा ठरतात ते सावकाश पाहू.

वर्गात कोणी नल हायपोथेसिस म्हणतात, कोणी शून्य परिकल्पना. मी शून्य परिकल्पना आणि पर्यायी परिकल्पना हे शब्द वापरतो. पर्यायी परिकल्पनेसाठी काही पुस्तकांत H₁ ऐवजी Hₐ छापलेलं असतं. अर्थ तोच.

आधी कोणाविषयी बोलतोय ते ठरवा

दोन्ही परिकल्पना समष्टीविषयी असतात, नमुन्याविषयी कधीच नसतात. नमुन्याची सरासरी x̄ आपल्याला माहीतच आहे, ती समोर मोजून ठेवलेली आहे. माहीत असलेल्या गोष्टीबद्दल परिकल्पना करायचं कारणच नाही. माहीत नसते ती μ, म्हणजे सगळ्या समष्टीची सरासरी. म्हणून 'H₀: x̄ = ५००' ही ओळ दिसली की परीक्षक तिथेच थांबतो. प्रमाणाच्या प्रश्नात हीच अडचण p̂ आणि p यांच्यात येते, सहसंबंधाच्या प्रश्नात r आणि ρ यांच्यात. नमुन्यातून काढलेला आकडा परिकल्पनेत येत नाही. तो पुढे चाचणीच्या सूत्रात येतो.

सवय म्हणून H₀ लिहिण्याआधी एक वाक्य लिहा: 'μ म्हणजे या यंत्राने भरलेल्या सर्व बाटल्यांतील द्रवाची सरासरी, मिलिलिटरमध्ये.' हे वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि बऱ्याच गुणदान योजनांत त्याला गुणही असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते लिहिताना आपण कोणत्या गटाविषयी बोलतोय हे स्वतःला पक्कं सांगावं लागतं. प्रश्नात दोन गट असतील तेव्हा तर या वाक्यावाचून पुढे जाऊच नये. का, ते आधी आणि नंतरच्या मोजमापाकडे आलो की दिसेल.

H₁ आधी लिहा

वहीत H₀ वर असते आणि H₁ खाली. विचार मात्र उलट्या क्रमाने करावा. H₁ म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला ज्या गोष्टीचा पुरावा शोधायचा आहे ती: शंका, तक्रार, नवा दावा, बदल. H₀ म्हणजे ती शंका खरी नसेल तर जी स्थिती असेल ती. शंका कोणती हे एकदा सापडलं, की H₀ आपोआप तिच्या समोर उभी राहते.

यासाठी एकच उदाहरण तीन प्रकारे घेऊ. बाटल्या भरणारं एक यंत्र आहे. दर बाटलीत ५०० मिलिलिटर द्रव पडावा असं ते लावलेलं आहे. भरण्याचं प्रमाण विचलन ६ मिलिलिटर आहे असं माहीत आहे. ३६ बाटल्या यादृच्छिकपणे उचलून मोजल्या, त्यांची सरासरी ४९८.२ मिलिलिटर आली. सार्थकता पातळी ५ टक्के.

आता तीन वेगळे प्रश्न असे.

पहिला: 'दुरुस्तीनंतर यंत्राचा सरासरी भरणा ५०० मिलिलिटरपासून बदलला आहे का, ते तपासा.' बदलला म्हणजे वाढलाही असेल किंवा घटलाही असेल, प्रश्न बाजू सांगत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला दोन्हीकडची चूक सारखीच खटकते. म्हणून H₁: μ ≠ ५००. दुतर्फी.

दुसरा: 'ग्राहकांची तक्रार आहे की बाटल्यांत सरासरी ५०० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव असतो. तक्रारीला आधार आहे का?' इथे बाजू ठरलेली आहे. बाटल्यांत द्रव जास्त निघाला तर तक्रार उरतच नाही. म्हणून H₁: μ < ५००. एकतर्फी, डावीकडची.

तिसरा: 'यंत्र सरासरी ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त भरून माल वाया घालवतं, अशी व्यवस्थापकाला शंका आहे. तपासा.' H₁: μ > ५००. एकतर्फी, उजवीकडची.

तिन्ही प्रश्नांत H₀: μ = ५००. तिन्हींत नमुना तोच, सूत्र तेच. प्रमाण त्रुटी ६ भागिले √३६, म्हणजे १ मिलिलिटर. z = (४९८.२ − ५००) / १ = −१.८. इथपर्यंत फरक काहीच नाही.

फरक पुढे पडतो. पहिल्या प्रश्नात दोन्ही बाजूंची टोकं मोजायची, म्हणून पी-व्हॅल्यू ०.०७१९ येते. ५ टक्क्यांपेक्षा जास्त आहे, H₀ नाकारता येत नाही. दुसऱ्या प्रश्नात फक्त डावं टोक मोजायचं, पी-व्हॅल्यू ०.०३५९. H₀ नाकारली जाते, तक्रारीला आधार मिळतो. तिसऱ्या प्रश्नात उजवीकडचं क्षेत्रफळ मोजायचं, ते येतं ०.९६४१. व्यवस्थापकाच्या शंकेला काडीचाही पुरावा नाही.

एकच नमुना, एकच z, आणि तीन उत्तरं. तिन्ही आपापल्या प्रश्नाला बरोबर आहेत. म्हणून H₁ चं चिन्ह हा लिहिण्याचा शिष्टाचार नाही. कोणत्या दिशेचे आकडे H₀ च्या विरोधात मोजायचे, हे तेच चिन्ह ठरवतं.

याला इतिहासाचीही एक बाजू आहे. शून्य परिकल्पना हे नाव रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ सालच्या लेखनातून रूढ झालं, पण त्यांच्या मांडणीत पर्यायी परिकल्पनेला औपचारिक जागा नव्हती. ती जागा जर्झी नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांनी दिली. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९३३ चा. नाकारण्याचं क्षेत्र कुठे घ्यायचं हे पर्याय काय आहे यावर अवलंबून असतं, हा त्यांचा मुद्दा. आज अभ्यासक्रमात दोन्ही विचार एकत्र शिकवले जातात. म्हणूनच H₁ न लिहिता थेट z काढायला धावलं, की शेवटी कोणतं टोक पाहायचं हेच कळत नाही.

प्रश्नातले शब्द कसे वाचायचे

'वाढलं आहे का', 'घटलं आहे का', 'सुधारणा झाली का', 'पेक्षा जास्त', 'पेक्षा कमी', 'अधिक परिणामकारक' असे शब्द असतील तर प्रश्न एकतर्फी. 'बदललं आहे का', 'फरक आहे का', 'वेगळं आहे का', 'परिणाम होतो का' असं असेल तर दुतर्फी. बहुतेक प्रश्न एवढ्यावर सुटतात.

पण शब्दावर झडप घालण्याआधी तो कोणत्या वाक्यात आहे ते पाहा. प्रश्नात 'जास्त' हा शब्द नमुन्याचं वर्णन करतानाही येऊ शकतो: 'नमुन्याची सरासरी ५०० पेक्षा जास्त आढळली. यंत्र नीट लावलेलं आहे का, तपासा.' इथे 'जास्त' हा निरीक्षणाचा भाग आहे. शंका फक्त यंत्र नीट लावलेलं आहे की नाही एवढीच आहे, आणि ती दुतर्फी आहे. बाजू सांगणारा शब्द विचारण्याच्या वाक्यात असला तरच धरायचा, माहितीच्या वाक्यातला सोडून द्यायचा.

प्रश्नात बाजू स्पष्ट नसेल आणि तुम्हाला खरोखर ठरवता येत नसेल, तर दुतर्फी घ्या. दुतर्फी चाचणीत H₀ नाकारायला जास्त जोरदार पुरावा लागतो (५ टक्के पातळीवर z चं मूल्य १.६४५ ऐवजी १.९६ ओलांडावं लागतं), त्यामुळे तुमच्यावर पुरावा फुगवल्याचा आरोप येत नाही. एकतर्फी निवडायची तर तिचं कारण प्रश्नाच्या मजकुरात बोटाने दाखवता आलं पाहिजे.

'किमान' आणि 'जास्तीत जास्त': इथे सगळ्यात जास्त चुका होतात

एका कंपनीचा दावा आहे: 'आमचा दिवा सरासरी किमान १००० तास चालतो.' ग्राहक संघटना हा दावा तपासते. H₁ काय?

बरेच विद्यार्थी 'दावा म्हणजे H₁' असं धरतात आणि 'H₁: μ ≥ १०००' लिहितात. ही ओळ कोणत्याही परिस्थितीत चुकीची आहे, कारण बरोबरीचं चिन्ह नेहमी H₀ कडे राहतं. =, ≤ आणि ≥ ही चिन्हं H₀ ची; ≠, < आणि > ही H₁ ची. कारण साधं आहे. पी-व्हॅल्यू काढण्यासाठी H₀ खरी धरून एक नेमकं मूल्य सूत्रात टाकावं लागतं. ते नेमकं मूल्य, इथे १०००, H₀ मध्ये असलंच पाहिजे. नाहीतर गणित सुरूच करता येत नाही.

आता पुन्हा प्रश्नाकडे. 'किमान १०००' म्हणजे μ ≥ १०००. त्यात बरोबरी आहे, म्हणून हा दावा H₀ मध्ये जातो. ग्राहक संघटना दाव्याविरुद्ध पुरावा शोधते आहे, म्हणून H₁: μ < १०००. याच कारणाने 'किमान' शब्द असलेला प्रश्न बहुतेक वेळा डाव्या बाजूचा निघतो आणि 'जास्तीत जास्त' असलेला उजव्या बाजूचा. शब्द ऐकून मनात येणाऱ्या दिशेच्या अगदी उलट. परीक्षेच्या घाईत इथेच पाय घसरतो.

याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवू. 'कंपनीचा दावा आहे की तिचा नवा दिवा सरासरी १००० तासांपेक्षा जास्त चालतो. या दाव्याला पुरावा आहे का?' 'पेक्षा जास्त' मध्ये बरोबरी नाही, आणि प्रश्न दाव्याच्या बाजूने पुरावा मागतो. आता दावा H₁ मध्ये जातो: H₁: μ > १०००. म्हणजे दावा नेहमी H₀ किंवा नेहमी H₁, असा नियमच नाही. दोन गोष्टी पाहायच्या: दाव्यात बरोबरी आहे का, आणि पुरावा दाव्याच्या बाजूने मागितला आहे की विरुद्ध.

दोन्ही प्रश्न एकाच नमुन्यावर तपासून पाहा. ६४ दिवे, प्रमाण विचलन ४० तास, नमुन्याची सरासरी १००४ तास. प्रमाण त्रुटी ४० भागिले ८, म्हणजे ५ तास, आणि z = ४ / ५ = ०.८. पहिल्या प्रश्नात H₁ डावीकडे आहे, पी-व्हॅल्यू ०.७८८१. कंपनीचा 'किमान १०००' हा दावा फेटाळायला काहीही आधार नाही. दुसऱ्या प्रश्नात H₁ उजवीकडे आहे, पी-व्हॅल्यू ०.२११९. 'पेक्षा जास्त' या दाव्याला पुरेसा पुरावा मिळत नाही. एकाच आकडेवारीवर 'दावा फेटाळता येत नाही' आणि 'दाव्याला पुरावा नाही' ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी ठरली. यात विसंगती नाही. पुरावा आणण्याचं ओझं पहिल्या प्रश्नात संघटनेवर होतं, दुसऱ्यात कंपनीवर. ते ओझं कोणावर आहे हेच H₁ सांगते.

आणखी एक वळण. दावा 'सरासरी आयुष्य १००० तास आहे' एवढाच असेल आणि प्रश्न 'दावा तपासा' एवढाच म्हणत असेल, तर दावा H₀ मध्ये आणि H₁: μ ≠ १०००. पण तोच दावा ग्राहकाच्या बाजूने तपासायला सांगितला असेल, 'ग्राहकाला वाटतं आयुष्य त्यापेक्षा कमी आहे' असं वाक्य असेल, तर H₁: μ < १०००. दावा तोच राहिला, शंका बदलली, आणि H₁ शंकेच्या मागे गेली.

H₀ मध्ये फक्त '=' लिहायचं की '≥'?

एकतर्फी प्रश्नात काही पुस्तकं 'H₀: μ = ५००, H₁: μ < ५००' लिहितात आणि काही 'H₀: μ ≥ ५००, H₁: μ < ५००'. विद्यार्थी यावरून खूप गोंधळतात, आणि त्यांचा गोंधळ रास्त आहे. पहिल्या पद्धतीत μ ५०० पेक्षा जास्त असण्याची शक्यता कुठे गेली?

ती कुठे गेली नाही. सीमेवरच्या ५०० साठी तपासलं की पलीकडच्या सगळ्या मूल्यांसाठी आपोआप तपासलं जातं. बाटल्यांच्या दुसऱ्या प्रश्नातच पाहा. μ = ५०० धरून ४९८.२ किंवा त्याहून कमी सरासरी येण्याची संभाव्यता ०.०३५९ आली. समजा खरी μ ५००.५ आहे. मग z = −२.३, संभाव्यता ०.०१०७. μ ५०१ असेल तर z = −२.८, संभाव्यता ०.००२६. μ जितकी उजवीकडे सरकते तितका आपला नमुना आणखी दुर्मीळ ठरतो. म्हणजे H₀ मधल्या सगळ्या मूल्यांत ५०० हेच H₀ ला सर्वांत सोयीचं आहे. तेच नाकारलं गेलं तर बाकीची तर नाकारली जाणारच.

म्हणून दोन्ही पद्धती एकाच गणिताकडे नेतात. तुमच्या अभ्यासक्रमात जी आहे ती शेवटपर्यंत एकसारखी वापरा. फक्त एक गोष्ट सांभाळा: H₀ मध्ये ≥ लिहिलं असेल तर H₁ मध्ये <, आणि H₀ मध्ये ≤ असेल तर H₁ मध्ये >. 'H₀: μ ≥ ५००, H₁: μ > ५००' असं लिहिलं तर ५०० पेक्षा मोठी मूल्यं दोन्हीकडे येतात आणि लहान मूल्यं कुठेच येत नाहीत. दोन्हींत आकडाही तोच हवा. 'H₀: μ = ५००, H₁: μ = ४९८.२' हे वहीत आजही दिसतं, आणि तिथे नमुन्याचा आकडा मागच्या दाराने परिकल्पनेत शिरलेला असतो.

नमुना पाहून बाजू निवडू नका

प्रश्नात नमुन्याची सरासरी छापलेलीच असते, त्यामुळे हा मोह मोठा असतो. ४९८.२ हे ५०० पेक्षा कमी आहे, मग H₁: μ < ५०० लिहून टाकावं, असं वाटतं. असं केल्याने नेमकं काय बिघडतं ते आकड्यांत पाहता येतं. H₀ खरी असताना नमुना खाली पडला की डावी चाचणी घ्यायची आणि वर पडला की उजवी, असं ठरवलं तर z −१.६४५ च्या खाली गेला तरी आपण H₀ नाकारतो आणि +१.६४५ च्या वर गेला तरी नाकारतो. प्रत्येक टोकाला ५ टक्के. म्हणजे कागदावर ५ टक्के पातळी लिहून प्रत्यक्षात १० टक्के चूक पत्करलेली असते.

बाटल्यांच्या पहिल्या प्रश्नात हेच घडेल. दुतर्फी पी-व्हॅल्यू ०.०७१९ होती, नमुना पाहून बाजू निवडली की ती ०.०३५९ होते आणि निष्कर्ष उलटतो. यंत्र मात्र होतं तसंच आहे.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. व्यवस्थापकाच्या प्रश्नात नमुना शंकेच्या विरुद्ध दिशेला पडला होता. पी-व्हॅल्यू ०.९६४१ आली म्हणून 'आपलं काहीतरी चुकलं' असं समजून अनेक जण चिन्ह फिरवतात. फिरवू नका. एकतर्फी चाचणीत पी-व्हॅल्यू अर्ध्याहून मोठी आली याचा अर्थ एवढाच की नमुना H₁ च्या दिशेलाच नाही. H₁ प्रश्नाप्रमाणे लिहिली असेल तर उत्तर बरोबर आहे: शंकेला पुरावा नाही.

एक उपाय खरोखर उपयोगी पडतो. प्रश्न वाचताना नमुन्याचे आकडे हाताने झाका, H₀ आणि H₁ लिहा, मग हात काढा.

दोन गट, किंवा आधी आणि नंतर

एका प्रशिक्षणानंतर ठरावीक काम करायला लागणारा वेळ कमी होतो का, हे तपासायचं आहे. १६ जणांचा वेळ प्रशिक्षणाआधी आणि नंतर मोजला. 'कमी होतो का' वाचून हात आपोआप '<' काढतो: H₁: μ_d < ०.

हे बरोबर की चूक, याचं उत्तर d ची व्याख्या केल्याशिवाय देताच येत नाही. d = आधीचा वेळ − नंतरचा वेळ, असं घेतलं तर वेळ कमी झाल्यावर d धन येतो, आणि H₁: μ_d > ०. d = नंतरचा − आधीचा, असं घेतलं तर d ऋण येतो, आणि H₁: μ_d < ०. दोन्ही चालतात. चालत नाही ते एकाची व्याख्या आणि दुसऱ्याचं चिन्ह.

समजा d = आधी − नंतर, फरकांची सरासरी ३ मिनिटं आणि त्यांचं प्रमाण विचलन ६ मिनिटं. प्रमाण त्रुटी ६ / ४ = १.५, t = २, मुक्तिमात्रा १५. H₁: μ_d > ० असेल तर ५ टक्क्यांचं सीमामूल्य १.७५३ आहे. २ त्याच्यापुढे जातो, H₀ नाकारली जाते, वेळ कमी झाल्याचा पुरावा मिळतो. चुकून H₁: μ_d < ० लिहिलं असतं तर तोच नमुना पूर्ण निकामी ठरला असता. आणि प्रश्न 'वेळेत फरक पडतो का' असा असता तर सीमामूल्य २.१३१ झालं असतं, २ त्याच्या आत राहिला असता आणि H₀ टिकली असती.

तपासायची सोपी रीत: एक काल्पनिक माणूस घ्या ज्याच्या बाबतीत शंका खरी ठरली आहे. त्याला आधी ४० मिनिटं लागायची, आता ३५ लागतात. तुमच्या व्याख्येप्रमाणे d काढा. ५ आला, धन आहे, म्हणजे H₁ मध्ये '>'. दोन स्वतंत्र गटांच्या प्रश्नात μ₁ आणि μ₂ कोणाची हे शब्दांत लिहून हीच रीत वापरा.

सॉफ्टवेअरला बाजू सांगावी लागते

R मध्ये t-चाचणी न सांगता दुतर्फीच होते. बाजू द्यायची तर `alternative` मध्ये H₁ ची दिशा लिहायची:

```
t.test(x, mu = 500)
t.test(x, mu = 500, alternative = "less")
t.test(adhi, nantar, paired = TRUE,
       alternative = "greater")
```

शेवटच्या ओळीत फरक पहिला वजा दुसरा असा घेतला जातो, म्हणजे `adhi` वजा `nantar`. आपली व्याख्या तीच होती, म्हणून `greater`. नावांची अदलाबदल केली की शब्दही बदलावा लागेल.

काही सॉफ्टवेअर निकालात फक्त `Sig. (2-tailed)` असा दुतर्फी आकडा देतात. एकतर्फी प्रश्नात तो निम्मा करायचा, असं सांगितलं जातं. पण ते अर्धंच खरं आहे. नमुना H₁ च्या दिशेला असेल तरच निम्मा करायचा. विरुद्ध दिशेला असेल तर १ मधून तो निम्मा आकडा वजा करायचा. बाटल्यांच्या तिसऱ्या प्रश्नात ०.०७१९ चे निम्मे ०.०३५९ घेऊन H₀ नाकारली असती, तर व्यवस्थापकाला सांगावं लागलं असतं की यंत्र जास्त भरतं, आणि तेही सरासरी कमी आलेली असताना.

काय-वर्ग चाचणी आणि एफ-चाचणीवर आधारलेलं प्रसरण विश्लेषण इथे वेगळे पडतात. त्यांत नाकारण्याचं क्षेत्र फक्त उजव्या टोकाला असतं, पण म्हणून परिकल्पना एकतर्फी होत नाही. उदाहरणार्थ, काय-वर्ग चाचणीत दोन गुणधर्मांमध्ये संबंध नाही ही H₀, संबंध आहे ही H₁. कोणत्या प्रकारचा संबंध हे H₁ सांगत नाही. तिथे '<' किंवा '>' शोधत बसू नका. परिकल्पना शब्दांत लिहिली तरी चालते.

निष्कर्ष H₁ च्या शब्दांत

शेवटचं वाक्य लिहिताना वर जाऊन H₁ पुन्हा वाचा आणि तिचेच शब्द वापरा. दुतर्फी प्रश्नात H₀ नाकारली गेली तर 'सरासरी भरणा ५०० मिलिलिटरपेक्षा वेगळा असल्याचा ५ टक्के पातळीवर पुरावा आहे' असं लिहा. H₀ नाकारली गेली नाही तर 'μ ५०० आहे हे सिद्ध झालं' असं लिहू नका. बाटल्यांच्या पहिल्या प्रश्नात आपण μ = ५०० नाकारू शकलो नाही, पण त्याच नमुन्यावर μ = ४९९ तपासली असती तरी z = −०.८ आला असता आणि तीही नाकारता आली नसती. दोन्ही एकदम सिद्ध कशा होतील? म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर असं: 'दुरुस्तीनंतर सरासरी भरणा ५०० मिलिलिटरपासून बदलल्याचा ५ टक्के पातळीवर पुरेसा पुरावा मिळत नाही.' ग्राहकांच्या प्रश्नाचं उत्तर: 'सरासरी भरणा ५०० मिलिलिटरपेक्षा कमी असल्याचा ५ टक्के पातळीवर पुरावा आहे, तक्रारीला आधार मिळतो.' आणि व्यवस्थापकाच्या प्रश्नाचं: 'सरासरी भरणा ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त असल्याचा पुरावा नाही.'